शून्य आणि दोनच्या मधे

y = x³/(x−1)² या फंक्शनचा आलेख काढायला सांगितला की बहुतेक जण x च्या चार-पाच किमती घालून बिंदू मांडतात. शून्याला शून्य, दोनला आठ, तीनला पावणेसात. मग हे बिंदू एका सलग रेघेने जोडतात आणि तिथेच फसतात. शून्य आणि दोनच्या मधे x = 1 आहे आणि तिथे छेद शून्य होतो.

छेद वर्गात असल्यामुळे x = 1 च्या दोन्ही बाजूंना तो धनच राहतो, म्हणून आलेख डावीकडूनही आणि उजवीकडूनही वरच झेपावतो. ही झाली उभी अनंतस्पर्शी रेषा. तिरपी रेषा भागाकारातून मिळते: भागाकार x + 2, बाकी 3x − 2. म्हणजे y = x + 2 + (3x−2)/(x−1)². x खूप मोठा झाला की शेवटचा तुकडा विरत जातो आणि आलेख y = x + 2 या रेषेला लगटून चालतो; उजव्या टोकाला तिच्या किंचित वरून, डाव्या टोकाला किंचित खालून.

आता चढउतार. पहिला डेरिव्हेटिव्ह सोडवून अवयवांत मांडला की x²(x−3)/(x−1)³ असा येतो. चिन्हांचा तक्ता करताना आडव्या रेषेवर 0, 1 आणि 3 मांडायचे आणि प्रत्येक तुकड्यातून एकेक किंमत घालून चिन्ह पाहायचे.

```
x    :   0    1    3
y'   : +    +    −    +
y''  : −    +    +    +
```

शून्यापाशी पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य होतो म्हणून तिथे शिखर किंवा दरी असणार, असे ठरवण्याची घाई होते. पण x² दोन्ही बाजूंना धन आहे, चिन्ह बदलतच नाही. आलेख क्षणभर आडवा होतो आणि पुन्हा चढू लागतो. याउलट x = 1 ला चिन्ह अधिकातून उण्यात जाते, तरी ते शिखर नव्हे, कारण त्या जागी आलेखच नाही. दरी एकच, x = 3 ला, उंची पावणेसात.

दुसरा डेरिव्हेटिव्ह 6x/(x−1)⁴. इथे छेदाचा घात सम, त्यामुळे चिन्ह फक्त x ठरवतो. शून्याच्या डावीकडे आलेख पालथ्या वाटीसारखा, उजवीकडे उताण्या वाटीसारखा. शून्यापाशी बाक बदलतो, आणि तो आडवा टप्पा का पडला तेही उमगते.

आता उभी आणि तिरपी रेषा तुटक काढा, मग डावा आणि उजवा असे आलेखाचे दोन तुकडे वेगवेगळे काढा. एक गोष्ट मात्र तक्त्यात दिसत नाही. अनंतस्पर्शी रेषेला आलेख कधी शिवत नाही, असे सर्रास शिकवले जाते. तिरप्या रेषेबाबत ते खोटे आहे. बाकी 3x − 2 शून्य होते तिथे, म्हणजे x = 2/3 ला, आपला डावा तुकडा ती रेषा सरळ ओलांडून वर जातो.