घरकोंबाचं बारसं

माझी भाची कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात झाडं विकते. उरुळी कांचनच्या नर्सरीवाल्यांकडून स्नेक प्लांट, झीझी, सिंगोनियम, मनी प्लांट आणायची, महिनाभर गॅलरीत सांभाळायची, बऱ्या दिसणाऱ्या कुंडीत बसवायची आणि खोक्यात घालून कुरियर करायची. इतके दिवस व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर हे सगळं निभावलं. आता ओळखीबाहेरची गिऱ्हाइकं हवीत, म्हणून इन्स्टाग्रामवर दुकान मांडायचं ठरलं आणि पहिलाच प्रश्न आडवा आला, नाव काय ठेवायचं?

‘हिरवाई’, ‘पालवी’, ‘अंकुर’ ही नावं तिनं आधीच बाद केली होती. एकेका नावाची डझनभर दुकानं, बचतगट आणि बालवाड्या सापडतील. तिला शब्दखेळ हवा होता. “मावशी, नाव ऐकलं की माणूस आधी हसला पाहिजे, मग त्याला झाड दिसलं पाहिजे,” असं तिचं म्हणणं. रविवारच्या चहावर घरातले सगळे बसले आणि लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी सुरू झाली. संध्याकाळपर्यंत त्या यादीनं आम्हाला एक गोष्ट शिकवली. मराठी कोटी कानात जन्मते आणि देवनागरीत जगते, पण हँडल टाइप करावं लागतं रोमन अक्षरांत. एका लिपीतून दुसरीत जाताना बहुतेक कोट्या मान टाकतात.

पहिली टाळी मिळाली ‘जन्मकुंडी’ला. पत्रिका जुळवतात तशी घराला कुंडी जुळवायची, जाहिरातीचं वाक्यही तयार. मग ते रोमनमध्ये लिहून पाहिलं. एकानं janmakundi लिहिलं, दुसऱ्यानं janmkundi. बोलताना ‘जन्म’मधला शेवटचा ‘अ’ कुणी उच्चारतो, कुणी गिळतो, त्यामुळे दोन्ही बरोबर आणि म्हणूनच पंचाईत. शिवाय हिंदीत कुंडी म्हणजे दाराची कडी. तिचा एक सहकारी चेन्नईचा आहे. त्याला फोन केला तर तो आधी खो खो हसला आणि मग संकोचानं म्हणाला, तमिळमध्ये ‘कुंडी’ म्हणजे पार्श्वभाग. झाडं फक्त पुण्यात पोचवायची असती तर चाललंही असतं, पण कुरियर चेन्नईलाही जातं. जन्मकुंडीचं नाव जन्मतःच कटलं.

‘मुळात’ हे मला सगळ्यात आवडलेलं नाव. रोजच्या बोलण्यातला शब्द, आणि झाडाच्या दृष्टीनं शब्दशः खरा. पण ‘ळ’ला रोमन अक्षर नाही. mulat लिहिलं की अमराठी माणूस ‘मुलात’ वाचतो, mulaat लिहिलं की ऐकणाऱ्याला दोन ‘a’ आठवत नाहीत. दुसरी अडचण शोधण्याची. ‘मुळात’ हा शब्द मराठीत लिहिलेल्या निम्म्या लेखांत असतो. तो शोधायला टाकला की जगातलं सगळं सापडेल, दुकान तेवढं सापडणार नाही. ‘रोपवे’चंही तसंच झालं. रोपांची वे, म्हणजे वाट, असा भाच्याचा विनोद होता, पण शोधलं की रायगडाचा रोपवे आणि त्याची तिकिटं समोर येतात.

‘झाडाझडती’ला घरातल्या वडीलधाऱ्यांनी उचलून धरलं. शब्दात झाडही आहे आणि ठसकाही. पण अर्थ बघा, झाडाझडती घेणं म्हणजे उलटतपासणी करणं. शिवाय वाचणाऱ्या मराठी माणसाला आधी आठवते ती विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची कादंबरी. घर गमावलेल्या माणसांच्या गोष्टीचं नाव घर सजवणाऱ्या कुंडीवर बरं दिसत नाही. रोमनमध्ये तर ‘झ’साठी zh, jh आणि नुसता z अशी तीन रूपं निघाली, आणि शब्दात ‘झ’ दोनदा.

‘मनीमाऊ’वरही बराच वेळ गेला. मनी प्लांटमधला मनी म्हणजे पैसा, मराठी घरातली मनी म्हणजे मांजर. बोधचिन्हही डोळ्यांसमोर आलं, पान चावणारी मांजर. इथं भाचीतली माळीण जागी झाली. मनी प्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजरानं पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली, झीझी या लोकप्रिय मंडळींतही तेच स्फटिक. जी चूक होऊ नये म्हणून गिऱ्हाइकाला बजावायचं, तीच बोधचिन्हात रंगवायची कशी? झाडांच्या नावाची कोटी झाडाच्या गुणाशीही ताडून बघावी लागते, ती अशी.

एकाच झाडावर नाव बेतण्यातही धोका असतो. स्नेक प्लांटचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं सॅन्सेव्हेरिया होतं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिना प्रजातीत टाकलं. ‘सॅन्सेव्हेरिया’वर कोटी करून कुणी पाटी रंगवली असेल, तर ती पाटी आता जुन्या नावाची. न्यूयॉर्कच्या ‘द सिल’ या दुकानानं नावात झाडाऐवजी खिडकीची कट्टी घेतली, म्हणजे झाड ठेवायची जागा. झाडांची फॅशन बदलली तरी खिडकी तिथंच राहते.

जागेवरून बोलता बोलताच उत्तर सापडलं. भाचीच्या आईनं कंटाळून विचारलं, “ही झाडं कधी उन्हात जातच नाहीत का? नुसती घरकोंबडी!” भाचीनं पेन उचललं. घरकोंबडा म्हणजे घर न सोडणारा माणूस, आणि त्या शब्दाच्या पोटात चक्क कोंब दडलेला. ‘डा’ काढून टाकला, उरलं ‘घरकोंब’. घरात फुटणारा कोंब. ‘घरकोंबडा’ हा राजकीय भाषणांतला टोमणा आहे, आणि पूर्ण शब्द ठेवला तर गिऱ्हाईक गावरान अंडी मागेल. ‘डा’ गेल्यानं दोन्ही टळलं, हसू मात्र शिल्लक राहिलं.

आता चाचण्या. पहिली फोनची. पाच जणांना फोन करून नाव एकदाच सांगायचं आणि इंग्रजीत टाइप करून पाठवा म्हणायचं. चौघांनी gharkomb पाठवलं, एकानं gharakomb. पाचांत चार हे रूप चालण्यासारखं. तीन वेगळी रूपं आली असती तर नाव सोडलं असतं.

दुसरी चाचणी अक्षरांची. प्रत्येक माध्यमाचे नियम वेगळे आहेत. इन्स्टाग्रामच्या हँडलला 30 अक्षरं चालतात. रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर, बस. देवनागरी चालत नाही. एक्सवर फक्त 15 अक्षरं, आणि टिंबही नाही. फेसबुक टिंब घेतं पण मोजत नाही. टिंब घातलेलं आणि न घातलेलं नाव त्याच्या लेखी एकच. म्हणून चाळणी सगळ्यात बारीक असेल ती आधी लावायची: 15च्या आत, नुसती अक्षरं. gharkomb आठ अक्षरांचं. नुसतं नाव कुठे मिळालं नाहीच, तर gharkombnursery मोजून पाहिलं, बरोबर पंधरा. शेपूट जोडायचंच तर असं, अर्थाचं. अंडरस्कोर, आकडे किंवा official जोडलेलं नाव फोनवर सांगताना जीभ अडखळते, आणि शेपूट विसरलेलं गिऱ्हाईक मूळ नाववाल्याच्या दारात जातं.

हँडल मोकळं आहे का हे बघण्यात बहुतेक जण एक चूक करतात. ब्राउझरमध्ये instagram.com/ च्या पुढे नाव टाकायचं, पान उपलब्ध नाही असं दिसलं की आनंदायचं. ते खातं बंद ठेवलेलं असू शकतं, काढून टाकलेलं असू शकतं किंवा त्यानं तुम्हाला ब्लॉक केलेलं असू शकतं, आणि तरीही नाव अडकलेलंच असतं. खरी खात्री नवीन खातं उघडताना किंवा स्वतःचं हँडल बदलताना त्या चौकटीत नाव भरल्यावरच होते. वर्षानुवर्षं ओस पडलेलं हँडल मागितलं म्हणून इन्स्टाग्राम देत नाही, आणि पैसे देऊन हँडल विकत घेणं नियमाबाहेर आहे. तिथं वेळ घालवू नये.

कोटी देवनागरीतच खुलते, हे दुःख मात्र थोडं हलकं करता येतं. हँडलखेरीज इन्स्टाग्रामवर नावाचा वेगळा रकाना असतो, त्यात देवनागरी चालते आणि शोधातही तो धरला जातो. भाचीनं तिथं लिहिलं: ‘घरकोंब, घरातली झाडं’. हा रकाना 14 दिवसांत दोनदाच बदलता येतो, म्हणून शुद्धलेखन आधी तपासावं.

तिसरी चाचणी ट्रेडमार्कची, आणि ती हँडलपेक्षा महत्त्वाची. हँडल मिळालं म्हणजे नाव वापरायचा हक्क मिळाला असं नाही. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. जिवंत झाडं वर्ग 31मध्ये येतात, विक्रीची सेवा वर्ग 35मध्ये. तिथं जसंच्या तसं नाव शोधण्याबरोबर उच्चारावरून शोधण्याचीही सोय आहे. आपल्याला ती जास्त कामाची, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं लागणारं नाव आक्षेपाला पुरतं. कोटीचा इथं एक फायदाही होतो. ‘इनडोअर प्लांट नर्सरी’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही, घडवलेल्या शब्दाला ती अडचण कमी. एकट्या व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं शुल्क 4500 रुपये, आणि नोंदणी 10 वर्षांची.

मग एका बैठकीत, एकाच ईमेलवरून, तिन्ही माध्यमांची हँडलं आणि संकेतस्थळाचा पत्ता घ्यायचा. आज हँडल, पुढच्या महिन्यात पत्ता असं करू नये. मधल्या काळात दुसरं कुणी तो घेऊ शकतं. एक्सवर काहीही लिहायचं नसलं तरी नाव घेऊन ठेवावं.

आणि कुंड्यांवरची लेबलं सगळ्यात शेवटी. भाचीनं उत्साहाच्या भरात शंभर लेबलं आधीच छापून घेतली होती. त्यांच्यावर ‘जन्मकुंडी’ आहे. ती आता आमच्याकडे वाणसामानाच्या बरण्यांना लागलेली आहेत.