पुड्यावर 'शुगर फ्री', पण आत मैदा! डायबेटिस असेल तर बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू अशी वाचा

हिंगोली : घरात कुणाला शुगर निघाली की पहिल्यांदा चहातली साखर बंद होते. मग चहासोबत काहीतरी हवं म्हणून दुकानातून 'शुगर फ्री' लिहिलेला पुडा येतो. "यात साखरच नाही, खा बिनधास्त," असं म्हणत आबांच्या हातात चार-सहा बिस्किटं दिली जातात. आठवड्याने तपासणी केली तर शुगर वाढलेलीच. मग प्रश्न पडतो, साखर खाल्लीच नाही तर शुगर वाढली कशी?

उत्तर पुड्याच्या मागच्या बाजूला आहे. तिथे एक चौकट असते. अक्षरं बारीक असतात, म्हणून मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. चौकटीत 'कार्बोहायड्रेट' ही ओळ असते. तिच्याखाली 'टोटल शुगर्स' म्हणजे एकूण साखर आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' म्हणजे वरून घातलेली साखर. बहुतेक लोक फक्त साखर बघतात. पण मैदा, गहू, तांदूळ यांचा स्टार्चही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. म्हणून डायबेटिसवाल्याने आधी वरची, कार्बोहायड्रेटची ओळ वाचायची.

हिशोब करून बघू. अंदाज यावा म्हणून दोन पुडे धरा. साध्या बिस्किटात १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ७६ ग्रॅम आणि साखर २२ ग्रॅम. 'शुगर फ्री' पुड्यात कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅम आणि साखर जवळपास शून्य. चार बिस्किटांचं वजन २५ ग्रॅम धरलं, तर आकड्याचा चौथा भाग घ्यायचा. पहिल्यात १९ ग्रॅम, दुसऱ्यात १७ ग्रॅम. फरक फक्त २ ग्रॅमचा! म्हणजे चार 'शुगर फ्री' बिस्किटं खाल्ली की जवळपास एक चपाती खाल्ल्यासारखंच. ती जेवणाच्या हिशोबात धरा, फुकटची समजू नका.

'शुगर फ्री' हा शब्द खोटा नसतो. १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर तो लिहिता येतो. तो फक्त साखरेबद्दल बोलतो, मैद्याबद्दल नाही. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातली नाही एवढंच; फळातली किंवा दुधातली साखर त्यात असू शकते. आणि गुळाची बिस्किटं? गूळही साखरच, शुगर तशीच वाढवतो.

दोन कंपन्यांचे पुडे ताडायचे तर नेहमी १०० ग्रॅमचाच रकाना बघा. 'एका सर्व्हिंग'चा आकडा कुणी दोन बिस्किटांचा देतं, कुणी चारचा, त्यात फसगत होते. नंतर घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. तो पहिला असेल तर पुढे 'ओट्स', 'मल्टिग्रेन' काहीही लिहिलं तरी मुख्य माल मैदाच. डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इनव्हर्ट सिरप ही साखरेचीच नावं; माल्टोडेक्स्ट्रिनही शुगर झटकन वाढवतं. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर बेताने खा, जास्त झालं की पोट बिघडतं. पुड्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक नसेल तर तो पुडा घेऊच नका.

आता चहाचं बघू. दिवसात तीन कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम साखर. गोड गोळीचा खरा फायदा इथे होतो. डबीवरचं नाव एकच असलं तरी आतला पदार्थ वेगळा असू शकतो. उदाहरणार्थ, 'शुगर फ्री नॅचुरा'मध्ये सुक्रालोज असतं, 'शुगर फ्री ग्रीन'मध्ये स्टीव्हिया. डबीवर अ‍ॅस्पार्टेम लिहिलं असेल तर गोळी चहा उतरवल्यावरच टाका. उकळलं की गोडी जाते. लहान मुलांना या गोळ्या देऊ नका.

शेवटी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस उपाशीपोटी हळदीच्या रानात राबला आणि त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, बोलणं अडखळलं, तर शुगर उतरलेली असू शकते. त्या वेळी गोड गोळीचा चहा काहीच कामाचा नाही. तीन चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजा, १५ मिनिटांनी परत बघा. फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. म्हणून घरात साखर बंद केली तरी साखरेची एक पुडी शेतातल्या पिशवीत असूच द्या.