खुर्च्या किती मांडायच्या?

पुण्यातल्या सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जिन्यात ‘अभ्यासिका’ अशी पाटी सर्रास दिसते. दाराबाहेर चपलांची रांग, आत शांतता आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलंमुली. एमपीएससी, यूपीएससी, बँक, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची खोली चार-पाच जणांत वाटलेली असते. तिथे पुस्तक उघडायला जागा मिळत नाही, म्हणून महिन्याचे पैसे भरून ते इथे एक टेबल आणि एक खुर्ची घेतात.

ही खोली चालवणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न असतो खुर्च्या किती मांडायच्या हा, आणि पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

समजा, सहाशे चौरस फुटांचा फ्लॅट भाड्याने घेतला. स्वच्छतागृह, लॉकर, पाण्याचा फिल्टर आणि चपलांचा रॅक यांत एकशे वीस फूट जागा जाते. टेबल अडीच फूट रुंद, दोन फूट खोल आणि मागे खुर्चीला दोन फूट असा हिशेब धरला, तर एका मुलाला दहा चौरस फूट लागतात. मधली वाट धरून पंधरा. म्हणजे बत्तीस जागा. महिना बाराशे रुपये फी धरली तर ३८,४०० रुपये जमतात. भाडं २५,०००, वीज ६,००० आणि सफाई, पाणी, इंटरनेट मिळून साडेचार हजार. मालकाच्या हाती उरतात २,९०० रुपये. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की अनेक मुलं गावी परततात. त्या महिन्यात आठ खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर ६,७०० रुपयांचा तोटा होतो.

मोह इथेच होतो. टेबलाची रुंदी अडीचवरून दोन फुटांवर आणली, वाट चिंचोळी केली, की त्याच जागेत चव्वेचाळीस खुर्च्या बसतात आणि जमा ५२,८०० होते. खर्च वाढतो जेमतेम दीड हजाराने. टेबल सहा इंचांनी आखडलं की उघडी वही आणि संदर्भाचं पुस्तक शेजारी शेजारी मावत नाही, आणि कोपर शेजाऱ्याला लागतं. मग कुजबुज आणि भांडणं सुरू होतात.

दुसरी वाट म्हणजे ठरावीक जागा न देणं. सगळे जण एकाच वेळी येत नाहीत, म्हणून बत्तीस खुर्च्यांवर चाळीस नावं नोंदवतात. एरवी हे खपून जातं. परीक्षा महिन्यावर आली की मात्र सकाळी सातला रांग लागते, आणि पूर्ण फी भरलेला मुलगा उभा राहतो. म्हणून फिक्स जागेसाठी थोडी जास्त फी देणं पुष्कळांना परवडतं.

गर्दीचा सर्वांत मोठा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवरचा साधा एसी खोलीतली हवाच फिरवून थंड करतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खिडक्या बंद करून चाळीस जण श्वास घेत बसले की कार्बन डायऑक्साइड साचत जातो. दुपारी तीनच्या सुमारास माना डुलू लागतात, डोकं जड होतं. मुलं दोष देतात जेवणाला किंवा स्वतःच्या आळसाला. बाहेर हवा फेकणारा एक पंखा आणि समोरची थोडी उघडी खिडकी एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, पण वीजबिल वाढेल म्हणून खिडकी उघडू देत नाहीत.

नियमांच्या कागदावर बहुधा फोन, डबा आणि मोठ्याने पाठांतर यांना मनाई असते. तेवढी शिस्त हवीच. पण एक नियम उलटा असायला हवा: ‘उठून गेल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पुस्तक ठेवून जागा अडवू नये’ हे मुलांसाठी, तर ‘जागांपेक्षा जास्त नावं घेणार नाही’ हे मालकासाठी. दुसरं वाक्य क्वचितच लिहिलेलं सापडतं.

शिवाय प्रश्न जिवाचा आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी दगावले. ते तळघर वाचनालय म्हणून वापरलं जात होतं, मंजुरी मात्र साठवण आणि पार्किंगसाठी होती. पेठांतल्या फ्लॅटमध्ये धोका निराळा असतो. घरगुती वायरिंगवर तीस-चाळीस लॅपटॉप आणि दोन एसी चालतात, आणि बाहेर पडायला दार एकच असतं. सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा एसी सुरू होताच दिवे मंद होत असतील, तर वायरिंगवर भार झेपत नाही असं समजावं.

त्यामुळे जागा पाहायला सकाळी दहाला जाऊ नये. दुपारी तीनला जावं, एक तास बसून वाचावं आणि उठताना तीन गोष्टी विचाराव्यात: खुर्च्या किती, नावं किती, आणि डिपॉझिट किती दिवसांच्या नोटिशीवर परत मिळेल. उत्तर पावतीवर लिहून देत असतील तरच पैसे भरावेत.