दोन रंग, चाळीस मुलं

अंगणवाडीत चाळीस मुलं आणि पोस्टर कलरच्या दोनच बाटल्या, पिवळी आणि निळी. एवढ्यावर रंगांचा छान खेळ होतो, फक्त सगळ्यांना एकदम बसवू नये. आठ मुलं ताईंपाशी, बाकीची मदतनीसबाईंसोबत खडूचे तुकडे घेऊन फरशीवर.

प्रत्येकासमोर बाटलीचं झाकण ठेवायचं, त्यात थोडा पिवळा रंग पाण्यात कालवून. निळा ताईंच्याच हातात. काडीच्या टोकानं त्याचा एक थेंब टाकायचा आणि विचारायचं, ‘आता काय होईल?’ उत्तर आधी सांगू नये. मुलं बोटानं ढवळतात, पोपटी रंग येतो, त्याचा ठसा रद्दी कागदावर उमटतो. पुढच्या थेंबाला पानासारखा हिरवा, मग आणखी गडद. ठशांची ओळ पाहून मुलांना हा बदल आपोआप कळतो. सुरुवात पिवळ्यानंच करावी. निळा गडद असतो, त्याला हिरवा करायला पिवळा फार खर्च होतो. त्याच झाकणात लाल पडला, तर सगळं मातकट होतं. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

फरशीवर प्रत्येकाला खडूनं चौकोन आखून द्यावा, म्हणजे जागेवरून भांडणं कमी होतात. तीन वर्षांचं मूल गिरगोट्या आणि गोल काढतं. हातपाय असलेला माणूस नंतर येतो. म्हणून ‘हे काय काढलंस?’ असं दरडावू नये, ‘मला सांग ना याबद्दल’ म्हणावं. आणि ताई, फळ्यावर नमुन्याचं घर तेवढं काढू नका. मग चाळीस चौकोनांत तेच घर दिसतं.