‘चाचा, चुकून जास्त पैसे गेले’
वडीलधाऱ्यांसाठी तीन मिनिटांच्या चित्रफितीची संहिता

फसवणूक फक्त लोभी माणसाचीच होते, असा आपला समज असतो. पण मोबाईलवरील एका फसवणुकीत नेमकी प्रामाणिक माणसेच अडकतात. दुसऱ्याचा पैसा चुकून आपल्याकडे आला, तर ती अमानत समजून लगेच परत करणारे बुजुर्ग तिचे सावज असतात. म्हणून आम्ही ही छोटी संहिता लिहिली आहे. प्रसंग काल्पनिक आहे, पण फसवणुकीची पद्धत खरी आहे. घरातल्या दोन-तीन जणांनी मिळून मोबाईलवरच ती चित्रित करावी.

दृश्य पहिले

(करमाळ्यातील एक घर. असरची नमाज पढून आलेले दादाजान ओसरीवर बसले आहेत. फोन वाजतो.)

आवाज : अस्सलामु अलैकुम, चाचा! ओळखलंत ना? जेऊरहून बोलतोय. अब्बांचे तुम्हाला दोन हजार द्यायचे होते, ते पाठवतोय. फोन ठेवू नका.

दादाजान : वालेकुम अस्सलाम. कोण बाबा? आवाज ओळखीचा वाटत नाही…

(मेसेज येतो : तुमच्या खात्यात 20,000 रुपये जमा.)

आवाज : या अल्लाह! चाचा, एक शून्य जास्त पडलं. दोनाचे वीस हजार गेले. अम्मी दवाखान्यात आहे, ते पैसे तिच्या औषधाचे होते. अठरा हजार लगेच परत पाठवा.

दादाजान : घाबरू नकोस बेटा, पाठवतो.

(ते पैसे पाठवण्याचे अ‍ॅप उघडतात. बोट पिनच्या आकड्यांवर जाते.)

दृश्य दुसरे

(कॉलेजात शिकणारी नात आतून येते.)

नात : दादाजान, थांबा. आधी फोन ठेवा.

दादाजान : अगं, त्याचे पैसे आपल्याकडे आलेत!

नात : आलेत का, तेच बघू. हा मेसेज कुणाकडून आलाय? वर दहा आकडी मोबाईल नंबर आहे. बँकेच्या मेसेजवर असा नंबर नसतो, अक्षरांतलं नाव असतं. आता खात्यातली शिल्लक पाहा.

(दादाजान शिल्लक पाहतात. सकाळी होती तेवढीच आहे.)

दादाजान : म्हणजे वीस हजार आलेच नाहीत?

नात : फक्त मेसेज आला. तो त्यानेच टाइप करून पाठवला. तुम्ही पाठवणार होता ते अठरा हजार मात्र खरे होते.

दृश्य तिसरे

(नात कॅमेऱ्याकडे पाहून सावकाश बोलते. प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावर दिसते.)

मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. शिल्लक पाहा, मगच बोला.

पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही.

जो घाई करतो, त्याचा फोन ठेवा. ओळखीचा असेल, तर त्याच्या घरी आपण फोन करू.

(चित्रफीत समाप्त.)

चित्रफीत दाखवल्यावर दोन प्रश्न हमखास येतील.

पहिला प्रश्न : पैसे खरेच चुकून आले असतील तर? तरीही आपण स्वतः परत पाठवू नयेत. समोरच्याला सांगावे, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा. माझी बँक विचारेल तेव्हा मी संमती देईन.’ आपणही आपल्या शाखेत जाऊन कळवावे आणि तोवर त्या रकमेला हात लावू नये. बँकेमार्फत रक्कम तिच्या मूळ खात्यातच परत जाते. अमानत पोचवण्याचा सुरक्षित मार्ग हाच.

दुसरा प्रश्न : पैसे गेलेच तर? ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. अ‍ॅपमधील व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. तक्रार नोंदताच ती रक्कम ज्या बँकेत गेली, तिथे निरोप जातो आणि पैसे अजून खात्यात असतील, तर ते रोखून धरता येतात. ठग मात्र रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतो, नाहीतर एटीएममधून काढून घेतो. त्यामुळे उशीर जितका जास्त, तितकी आशा कमी.

त्याच वेळी बँकेलाही कळवावे. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तिथे ठगांचे नंबरही सापडतात. पासबुकावरील किंवा कार्डामागचा नंबर वापरावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार, पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला देण्यासारखी चूक ग्राहकाचीच असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. कळवल्यानंतर झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते.

कळवायला उशीर होतो तो बहुधा शरमेमुळे. ‘मुले रागावतील’ या भीतीने बुजुर्ग दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो. म्हणून चित्रफीत संपल्यावर मुलांनी एक वाक्य आवर्जून बोलावे : ‘असं काही झालं, तर आम्हाला लगेच सांगा. आम्ही रागावणार नाही.’