साठ हप्ते

कराडच्या सोमवार पेठेत ब्लाउज शिवून देणारं एक दुकान आहे. तिथे काम करणारी एक मुलगी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चार महिने घरी बसली. वय तेव्हा बावीस. हाताशी पैसे किती, तर आईच्या डब्यातले अकराशे. दुकान पुन्हा उघडलं, पगार सुरू झाला, तोही कामाप्रमाणे महिन्याला साडेसहा-सात हजार. त्यातले हजार रुपये बाजूला टाकायचे असं तिने ठरवलं आणि ८ ऑक्टोबरला पोस्टात आवर्ती ठेव खातं काढलं. सगळे त्याला आरडीच म्हणतात.

तिचं नाव इथे देत नाही. तिला ते आवडणार नाही आणि गोष्टीला त्याची गरजही नाही.

आईचं म्हणणं होतं, भिशी लाव. गल्लीतल्या बारा बायकांची भिशी होती, महिन्याला हजार, नंबर लागला की बारा हजार हातात. वाईट काहीच नाही त्यात. पण भिशी कधी फुटणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बारा हजार यायच्या आधीच त्यांना पाय फुटलेले असतात. आईची मागची भिशी नळाच्या मोटारीत गेली होती, त्याआधीची चुलतभावाच्या लग्नाच्या आहेरात. मुलीला असे पैसे हवे होते की जे मागायला कुणी येणार नाही.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे साठ हप्त्यांची. महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू करता येते. हप्ते गोळा करायला तिच्या गल्लीत एक काकू येत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या या एजंट, सगळ्या बायकाच. त्यांचं कमिशन सरकार देतं, खातेदाराच्या पैशातून एक पैसाही कापला जात नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत काढलं, तर पुढचे हप्तेही १५ तारखेच्या आत भरायचे. नंतर काढलं, तर महिनाअखेरपर्यंत मुदत. "तुझा पगार सात तारखेला होतो ना? मग आत्ताच काढ. महिनाअखेरीला हजार उरत नसतात, बाई."

काकू पैसे घेऊन कार्डावर सही करायच्या. मुलगी मात्र दर तीन महिन्यांनी स्वतः पोस्टात जाऊन पासबुकावर नोंदी करून आणायची. काकूंवर अविश्वास म्हणून नव्हे. पण एजंटने पैसे घेतले आणि पोस्टात भरलेच नाहीत, असे प्रकार घडतात, आणि ते कळतात ते पासबुकातल्या मोकळ्या जागेवरून. कार्डावरची सही ही पैसे दिल्याची खूण. पैसे खात्यात पोचले हे पासबुकच सांगतं.

दुसऱ्या वर्षी वडिलांचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले. चुकलेल्या हप्त्याला शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे तिच्या हजाराला दहा. दंडाचं ओझं नव्हतं. भीती चौथ्या हप्त्याची होती. चार हप्ते चुकले की खातं बंद पडलेलं धरतात, आणि दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घेतलं नाही तर पुढचे हप्ते भरताच येत नाहीत. मागचे तीन आणि चालू एक असे चार हजार एकदम भरायला तिने गौरी-गणपतीच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत हुक-काजं केली. त्या वर्षी तिने स्वतःला साडी घेतली नाही, असं ती सांगते, आणि सांगताना अजून थोडी चिडते.

खरी परीक्षा तीन वर्षांनी झाली. तीन वर्षं पुरी झाली की खातं मुदतीआधी मोडता येतं. ओळखीतल्या एकाचं पिको-फॉलचं जुनं मशीन विकायला निघालं होतं, अठरा हजारांना. खातं मोडावं असं घरचे म्हणाले. पण मुदतीआधी मोडलं तर व्याज ठरलेलं मिळत नाही, साध्या बचत खात्याचं मिळतं. ते ४ टक्के. काकूंनी दुसरी वाट दाखवली. एक वर्ष आणि बारा हप्ते झाले की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, खात्याच्या व्याजापेक्षा दोन टक्के जास्त दराने. तिच्या खात्याला ५.८ टक्के होते, म्हणजे कर्जाला ७.८. तिने अठरा हजार उचलले, मशीन घरी आणलं आणि संध्याकाळी घरीच साड्यांना फॉल लावायला लागली. चौदा महिन्यांत कर्ज फिटलं, व्याज हजाराच्या आत गेलं. खातं शाबूत राहिलं आणि गिऱ्हाईकही जमलं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात हुशार निर्णय हाच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये खात्याची मुदत पुरी झाली. हप्ते चुकले नसते, तर हजाराच्या खात्यावर ६९,६९७ रुपये मिळतात. चुकलेल्या हप्त्यांचा दंड तिने तेव्हाच भरला होता, म्हणून तिलाही तितकेच मिळाले. त्यात व्याज ९,६९७. बाकीचे साठ हजार तिचेच. आज कुणी हेच खातं काढलं तर दर ६.७ टक्के आहे आणि हातात ७१,३६६ येतील. दर जवळजवळ एक टक्क्याने वाढला, तरी पाच वर्षांत फरक पडला १,६६९ रुपयांचा, म्हणजे दोन हप्त्यांहूनही कमी. जास्त दराच्या शोधात खातं काढणं लांबवणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

पैसे आले तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर होती. दुकान लगेच थाटायचा मोह सगळ्यांना झाला, तिला मात्र झाला नाही. तुळशीची लग्नं उरकल्यावर लग्नसराईच्या तोंडावर तिने गाळा घेतला. अनामत वीस हजार. मोटारीचं शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक, दोन्ही वापरलेली, मिळून सत्तावीस हजार. कटिंगचं टेबल, आरसा, दिवे, आठ हजार. उरले १४,६९७. गाळ्याचं भाडं साडेतीन हजार, म्हणजे चार महिन्यांचं भाडं निघेल एवढी ही रक्कम. या पैशांना तिने हात लावला नाही. नवं शिलाईचं दुकान बुडतं ते बहुतेक इथेच. सगळे पैसे मशीन आणि अनामतीत अडकतात, मग अस्तर, दोरा, हुक उधारीवर आणावे लागतात. गिऱ्हाईक मात्र ब्लाउज लग्नाला घालून जातं आणि पैसे पुढच्या महिन्यात देतं. तिच्याकडेही पहिल्या दोन महिन्यांत सहा हजारांची उधारी अडकली. भाडं मात्र वेळेवर गेलं.

गाळ्याच्या दारावर अजून पाटी नाही. नवं खातं मात्र काढून झालंय, दीड हजाराचं. काकू आता दुकानात येतात, १५ तारखेच्या आत.