स्लाइडवरून वाचनीय पानाकडे

व्याख्यान संपलं की, ‘सर, पीपीटी पाठवाल का?’ ही मागणी हमखास येते. फाइल जाते, पण आठवड्याने ती उघडणाऱ्याला चार तुटक शब्द आणि एक फोटो दिसतो. स्लाइड बोलणाऱ्याच्या सोबतीसाठी केलेली असते, एकट्याने वाचण्यासाठी नाही. कोलंबिया अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही 2003 च्या अहवालात, नासामध्ये तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड वापरल्या जातात यावर बोट ठेवलं होतं.

यावरचा उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे. प्रत्येक स्लाइडखाली टिपा लिहायची जागा असते. `View` मधल्या `Notes Page` मध्ये गेलं, की वर स्लाइडचं चित्र आणि खाली टिपा असं एक उभं पान दिसतं.

शेतकरी मेळाव्यातली माती परीक्षणाची स्लाइड घेऊ. तिच्यावर एवढंच असतं: ‘व्ही आकाराचा खड्डा, 15–20 सेंमी, 8–10 जागा, अर्धा किलो’. पानावर खाली असं लिहावं लागेल: ‘शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाची सावली आणि शेणखताचा ढीग यांच्याजवळची जागा टाळा. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 ते 20 सेंमी खोल खड्डा करून कडेची माती काढा. सगळी माती एकत्र कालवून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.’ आता मेळाव्याला न आलेला माणूसही नमुना घेऊ शकेल.

आधी फाइलची प्रत करावी आणि मगच कापाकापी. व्याख्यानात हाच विषय शीर्षक, मुद्दे आणि फोटो अशा तीन स्लाइडवर पसरलेला असतो. कागदावर त्यांची एकच स्लाइड करायची. ॲनिमेशनने एकामागून एक येणारी चित्रं छापताना एकावर एक बसतात, तीही सुटी करावी लागतात. ‘हा फोटो बघा’, ‘वेळ कमी असेल तर वगळा’ असल्या स्वतःसाठीच्या सूचना टिपांमधून काढायच्या, नाहीतर त्याही छापून येतात.

खरी अडचण लांबीची. टिपा चौकटीत मावल्या नाहीत, तर मजकूर पानाखाली घसरतो आणि कापला जाऊ शकतो. म्हणून छापण्याआधी प्रत्येक पानाचं शेवटचं वाक्य पुरं दिसतं का, ते पाहावं. दिसत नसेल, तर स्लाइडचं चित्र लहान करून चौकट वाढवावी. तरीही मजकूर उरला, तर एका पानावर बहुधा दोन विषय कोंबलेले असतात. ते वेगळे करावेत.

शेवटी `Save As` मध्ये पीडीएफ निवडून `Options` मध्ये `Notes pages` सांगायचं. ते राहिलं, तर पीडीएफमध्ये नुसत्या स्लाइड उतरतात आणि लिहिलेल्या टिपा मूळ फाइलमध्येच राहतात.